शाखा उघडण्याआधी तिचं अपयश लिहून काढा: प्री-मॉर्टम, जोखीम नोंदवही आणि प्रत्येक उपायापुढे एक नाव

मी पहिल्यांदा केलेली जोखीम नोंदवही दिसायला फार छान होती. छपाईचा व्यवसाय, दुसरी शाखा आणि संगणकावर ३१ ओळींचा तक्ता. प्रत्येक ओळीला रंग दिलेला होता. त्यातली चौदावी ओळ अशी होती: 'वाढीव वीजभार वेळेत मंजूर न होणे. उपाय: पाठपुरावा. जबाबदारी: ॲडमिन.' आमच्याकडे ॲडमिनचं काम दोघांकडे होतं. एकाला वाटलं, अर्ज दुसऱ्याने केलाय. दुसऱ्याला वाटलं, जागेच्या करारात ते मालकाकडे आहे. यंत्रं आली, बसवली गेली, आणि ती चालतील एवढा वीजभारच जागेला नव्हता. शाखा सात आठवडे उशिरा सुरू झाली. भाडं आणि पगार मात्र पहिल्या दिवसापासून चालूच होते.

या प्रकारात मला सगळ्यात जास्त टोचलं ते हे की धोका आम्हाला आधीच दिसला होता. तो लिहिलेला होता, त्याला लाल रंगही दिलेला होता. कमी होती ती एका माणसाच्या नावाची. म्हणून या लेखात धोके शोधण्याइतकीच जागा मी त्या नावाच्या रकान्याला देणार आहे. पद्धत सांगताना एका फिजिओथेरपी केंद्राचं उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवतो. त्यांची दुसरी शाखा उघडायच्या आधीची बैठक मी घेतली होती.

बैठक कधी घ्यायची

प्री-मॉर्टम म्हणजे पोस्टमार्टमचं उलटं. काम सुरू होण्याआधीच ते फसलंय असं धरायचं आणि का फसलं ते शोधायचं. ही पद्धत मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी मांडली आणि सप्टेंबर २००७ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमधल्या त्यांच्या लेखामुळे ती सगळीकडे पोहोचली.

नवखे लोक ही बैठक उद्घाटनाच्या आठ-दहा दिवस आधी घेतात. तोवर करार झालेला असतो, माणसं घेतलेली असतात, यंत्रांची आगाऊ रक्कम गेलेली असते. मग कितीही मोठा धोका सापडला तरी हातात पाटीचा रंग आणि आमंत्रणांची यादी एवढंच उरतं. जागा नक्की झाली आहे पण करारावर सही झालेली नाही, हा योग्य क्षण. सहीच्या दोन-तीन आठवडे आधी बसलात तर सापडलेली गोष्ट कराराच्या मसुद्यात घालता येते, उद्घाटनाची तारीख हलवता येते, किंवा 'ही जागा नको' असंही म्हणता येतं.

टार्गेट या अमेरिकी किरकोळ विक्री कंपनीची कॅनडातली गोष्ट इथे आठवते. २०११ मध्ये त्यांनी तिथल्या एका जुन्या साखळीच्या दुकानांचे भाडेकरार एकगठ्ठा घेतले. करार हातात आले म्हणजे भाड्याचा मीटर सुरू झाला, आणि त्यामुळे दुकानं पटापट उघडणं भाग पडलं. मार्च २०१३ पासून एका वर्षात शंभराहून अधिक दुकानं उघडली. मालाची माहिती नव्या संगणक प्रणालीत घाईघाईने भरली गेली. वस्तूंची मापं चुकली, कोड चुकले. गोदामं तुडुंब भरलेली आणि दुकानातली फळ्या-कपाटं रिकामी, अशी अवस्था झाली. जानेवारी २०१५ मध्ये त्यांनी कॅनडातून बाहेर पडण्याचं जाहीर केलं. तेव्हा १३३ दुकानं होती आणि १७ हजारांहून अधिक माणसं कामाला होती. माहिती चुकीची भरली जाणं ही सुधारता येणारी चूक होती. पण ती सुधारायला लागणारा वेळ करारांनी आधीच खाऊन टाकला होता.

कोणाला बसवायचं

पाच ते आठ माणसं पुरतात. त्यात निर्णय घेणारा हवा, हिशेब बघणारा हवा, नव्या शाखेचा होऊ घातलेला प्रमुख हवा. हे तिघं सगळ्यांना सुचतात. राहून जातात ती दोन माणसं: जुनी शाखा ज्याच्या भरवशावर सोडून जाणार तो, आणि जो दिवसभर ग्राहकांशी बोलतो तो. नव्या शाखेमुळे जुन्या शाखेत काय बिघडेल हे या दोघांना सगळ्यात आधी कळतं. पण एरवी नियोजनाच्या बैठकीला त्यांना कोणी बोलवत नाही.

फिजिओथेरपी केंद्राच्या बैठकीत केंद्र चालवणाऱ्या मॅडम होत्या, नव्या शाखेची प्रमुख होणारी थेरपिस्ट होती, जुन्या शाखेत मागे राहणारी दुसरी थेरपिस्ट, हिशेब बघणाऱ्या बाई आणि फोन-अपॉइंटमेंट सांभाळणारा स्वागतकक्षातला मुलगा होता. बैठक चालवायला मी. शक्य असेल तर चालवणारा बाहेरचाच असावा. मालकच बैठक चालवू लागला की त्याच्या चेहऱ्याकडे बघून लोक चिठ्ठी लिहितात.

वाक्य भूतकाळात वाचा

सगळे बसले की कागद-पेन वाटायचं आणि एक वाक्य मोठ्याने, सावकाश वाचायचं. मी वाचलेलं वाक्य असं होतं:

'शाखा उघडून आज एक वर्ष झालं. आपण ती बंद केली आहे. जागेची किल्ली काल परत दिली. हे कशामुळे झालं?'

इथे क्रियापदाच्या काळावर सगळं अवलंबून आहे. 'शाखा बंद पडेल का?' असं विचारलं की माणसं नकळत धीर द्यायला लागतात: 'नाही हो, चालेल की.' 'काय अडचणी येऊ शकतील?' असं विचारलं की नेहमीची पाठ उत्तरं येतात: स्पर्धा, बाजार, माणसं मिळत नाहीत. 'बंद केली' असं म्हटलं की वाद संपतो आणि डोकं कारणं शोधायला लागतं. १९८९ मध्ये मिचेल, रूसो आणि पेनिंग्टन या संशोधकांनी हेच तपासलं होतं. घटना नक्की घडली आहे असं धरल्यावर लोक तिची अधिक आणि अधिक नेमकी कारणं देतात.

एकदा पूर्ण अपयशाचं वाक्य झालं की मी दुसरं वाचतो: 'नवी शाखा चालू आहे, पण जुनी शाखा निम्म्यावर आली आहे.' हे वाक्य चुकवू नका. शाखा फसते म्हणजे नेहमी नवी शाखाच फसते असं नाही. चांगली माणसं, मालकाचं लक्ष आणि शिल्लक पैसा हे तिन्ही नवीकडे वळतात. त्याची झळ जुनीला लागते आणि ती उशिरा दिसते.

दोन्ही वाक्यांना प्रत्येकी दहा मिनिटं. या वेळात कोणी बोलायचं नाही, प्रत्येकाने एकट्याने लिहायचं, एका चिठ्ठीवर एकच कारण. नंतर फेरी लावायची. प्रत्येकाने एक चिठ्ठी वाचायची, दुसऱ्याने खोडायची नाही, 'त्याचं बघितलंय आपण' असंही म्हणायचं नाही. निर्णय घेणाऱ्याचा नंबर शेवटचा. दीड तासात हे सगळं होतं.

त्या दिवशी २३ चिठ्ठ्या निघाल्या. सारख्या एकत्र केल्यावर बारा कारणं उरली. खोली शांत झाली ती स्वागतकक्षातल्या मुलाच्या चिठ्ठीवर. त्याने लिहिलं होतं: 'मॅडम तीन दिवस तिकडे गेल्या. इकडचे पेशंट म्हणाले, मॅडम असतील तेव्हा येतो. मग आलेच नाहीत.' मॅडम म्हणाल्या, 'असं किती जणांचं असेल?' तो म्हणाला, 'मोजलं नाही, पण फोनवर बहुतेक जण हेच विचारतात.'

असं कारण निघालं की अंदाजावर वाद घालू नका, मोजा. त्याने पुढचा एक आठवडा वहीत खुणा केल्या. अपॉइंटमेंटसाठी आलेल्या दर दहा फोनांपैकी सहा जण मॅडमचं नाव घेऊन विचारत होते. त्या आठवड्यापर्यंत केंद्राची सगळी योजना 'आमच्याकडे आता तीन थेरपिस्ट आहेत' या गृहीतकावर उभी होती.

चिठ्ठीची ओळ कशी करायची

चिठ्ठ्यांवर शब्द सुटे असतात: 'स्टाफ', 'भाडं', 'परवाना'. ते तसेच तक्त्यात उतरवले तर त्यांचं काही करता येत नाही. प्रत्येक जोखमीचं तीन भागांचं वाक्य करा: कशामुळे, काय घडेल, आणि त्याने आपलं नेमकं काय जाईल. 'स्टाफ' या चिठ्ठीचं वाक्य आम्ही असं केलं: 'शाखाप्रमुखाला सुट्टीच्या दिवशी बदली माणूस नसल्यामुळे ती पहिल्या तीन महिन्यांत थकून काम सोडेल आणि शाखा तिच्याविना एक दिवसही चालणार नाही.' असं लिहिल्याबरोबर उपाय 'चांगला पगार देऊ' वरून 'बदली माणूस तयार करू' वर आला. कारण चुकीचं लिहिलं की उपायही चुकतो, म्हणून इथे वेळ लागला तरी लागू द्या.

मग शक्यता आणि परिणाम यांना एक ते पाच गुण द्यायचे. बहुतेक ठिकाणी दोन्हींचा गुणाकार करून यादी लावतात. क्रम लावायला तो चालतो, पण त्याच्यावर विसंबू नका. शक्यता ५ आणि परिणाम १ असलेली किरकोळ कटकट, आणि शक्यता १ आणि परिणाम ५ असलेली शाखा बुडवणारी गोष्ट, दोन्हींचा गुणाकार पाचच येतो. म्हणून मी आणखी एक साधा प्रश्न जोडतो: हे घडलं तर परत फिरता येतं का? नाही असं उत्तर असेल तर गुण कितीही येवोत, ती ओळ वरच्या गटात जाते.

बारापैकी सात ओळी आम्ही नोंदवहीत ठेवल्या. बाकीच्या पाच 'नजर ठेवू' म्हणून खाली टाकल्या. लहान व्यवसायाला सात ते दहा ओळी झेपतात. माझ्या ३१ ओळींचा तक्ता उद्घाटनानंतर कोणी उघडलाच नव्हता.

पैशाची ओळ: आकडे मांडून बघा

सातपैकी एक ओळ पैशाची असणारच. ती 'पैसे कमी पडतील' अशी लिहू नका, मांडून बघा. रक्कम महत्त्वाची नाही, म्हणून मी इथे भाग धरतो. समजा, नव्या शाखेचा महिन्याचा ठरलेला खर्च १० भाग आहे. केंद्राचा अंदाज असा होता की पहिल्या महिन्यात उत्पन्न २ भाग येईल आणि दर महिन्याला एक भाग वाढेल. म्हणजे पहिल्या महिन्यात तूट ८, मग ७, मग ६, आणि नवव्या महिन्यात शाखा बरोबरीला येईल. एकूण तूट ३६ भाग. त्यांनी ६० भाग बाजूला ठेवले होते, त्यामुळे सगळे निर्धास्त होते.

आता दोन गोष्टी बिघडवून बघू. उद्घाटन दोन महिने लांबलं आणि त्या काळात भाडं व अर्धे पगार धरून महिन्याला ६ भाग गेले, तर तूट १२ ने वाढून ४८ होते. हे झेपतं. पण उद्घाटन वेळेवर झालं आणि वाढ निम्म्या वेगाने झाली, म्हणजे महिन्याला अर्धाच भाग वाढला, तर तूट ८, ७.५, ७ अशी हळूहळू उतरते. बरोबरी सतराव्या महिन्यात येते आणि एकूण तूट ६८ भाग होते. ६० भाग अकराव्या महिन्यात संपतात.

उशिराची भीती सगळ्यांना असते, कारण उशीर डोळ्यांना दिसतो. मंद वाढ दिसत नाही, आणि नुकसान तिनेच जास्त होतं. हे कागदावर आल्यावर हिशेबाच्या बाई कराराचा मसुदा घेऊन बसल्या. त्यात लॉक-इन २४ महिन्यांचं होतं. म्हणजे अकराव्या महिन्यात पैसे संपले तरी पुढचे तेरा महिने भाडं द्यावंच लागलं असतं. सही झालेली नव्हती म्हणून बोलता आलं. लॉक-इन ९ महिन्यांवर आलं, आधी तीन महिन्यांची सूचना द्यायची या अटीवर. त्या बदल्यात भाडं थोडं वाढलं. निम्म्या वेगाने चाललं तरी नवव्या महिन्याअखेर ५४ भाग खर्च झालेले असतात आणि जागा पूर्ववत करून द्यायला ६ उरतात. बाहेर पडण्याचा रस्ता असा आधी मोजून ठेवावा लागतो.

उपायापुढे एकच नाव

जोखीम व्यवस्थापनाच्या परिभाषेत 'रिस्क ओनर' म्हणजे ज्याच्याकडे त्या जोखमीचं उत्तरदायित्व आणि अधिकार दोन्ही आहेत तो. नवख्यांच्या तक्त्यात उत्तरदायित्व लिहिलं जातं आणि अधिकार विसरला जातो. माझे नियम चारच आहेत, पण ते मी सोडत नाही.

नाव माणसाचं हवं. खात्याचं, पदाचं किंवा 'टीम'चं नको. दोन नावंही नकोत. माझा वीजभार दोन माणसांच्या मधेच पडला होता. मदतीला कितीही जण असू देत, विचारायचं एकालाच. हा पहिला नियम.

दुसरा, ती जबाबदारी त्या माणसाने स्वतःच्या तोंडाने घ्यायची. बैठकीतच त्याने उपाय आणि तारीख स्वतःच्या शब्दांत म्हणून दाखवायची. गैरहजर माणसाच्या नावावर ओळ टाकली की ती बेवारस झाली असं समजा.

तिसरा, उपायाला लागणारा अधिकार त्याच्या हातात द्यायचा. स्वागतकक्षातल्या मुलाला 'मॅडमच्या अपॉइंटमेंट कमी करायच्या' असं सांगितलं आणि पेशंटला नाही म्हणायची मुभा दिली नाही, तर तो रोज शिव्या खाईल आणि बदल काहीच होणार नाही.

चौथ्या नियमावर सगळ्यात जास्त वाद होतो. मालकाच्या नावावर दोनपेक्षा जास्त ओळी नकोत. सातपैकी पाच ओळींना मॅडम म्हणाल्या, 'हे मीच बघते.' मनापासून म्हणाल्या. मी त्यांना त्यांची स्वतःचीच चिठ्ठी परत वाचायला दिली. त्यावर लिहिलं होतं: 'मी दोन्हीकडे अर्धी अर्धी होते.' ज्या धोक्याचं कारणच मालकाची ओढाताण आहे, त्याचा उपाय मालकाकडे दिला तर धोका वाढतो. पेशंट मॅडमवर अवलंबून असण्याची ओळ शेवटी जुन्या शाखेत मागे राहणाऱ्या थेरपिस्टने घेतली. ती आधी घाबरली होती. 'मॅडमचे पेशंट मी कशी मागून घेऊ?' असं तिने विचारलं. मग मॅडमनीच ठरवलं की पेशंटला पहिल्या भेटीतच त्या स्वतः सांगतील, 'तिसऱ्या वेळेपासून ही तुम्हाला बघेल, मी मधून मधून येईन.' अधिकार दिला तो असा.

ती ओळ नोंदवहीत कशी दिसत होती ते पूर्ण देतो. फरक इतकाच की मूळ वहीत भूमिकांच्या जागी नावं होती.

जोखीम: बहुतेक पेशंट मॅडमसाठीच येत असल्यामुळे त्या आठवड्यातून तीन दिवस नव्या शाखेत गेल्यावर जुन्या शाखेच्या अपॉइंटमेंट घटतील आणि नवीला पोसणारा पैसाच कमी होईल.
गुण: शक्यता ४, परिणाम ५. परत फिरता येतं, पण गेलेले पेशंट परत येत नाहीत.
उपाय: उद्घाटनाच्या सहा आठवडे आधीपासून प्रत्येक नवा पेशंट तिसऱ्या भेटीपासून दुसऱ्या थेरपिस्टकडे.
जबाबदार: जुन्या शाखेतली थेरपिस्ट. ती रजेवर असेल तर स्वागतकक्षातला मुलगा.
पूर्ण कधी: उद्घाटनाच्या आदल्या शुक्रवारी, दहापैकी मॅडमचं नाव घेणारे फोन तीनच्या आत.
धोक्याची खूण: आठवड्याच्या अपॉइंटमेंट मागच्या आठ आठवड्यांच्या सरासरीच्या ८५ टक्क्यांखाली, सलग दोन आठवडे.
खूण दिसली तर: पुढच्या सोमवारपासून मॅडम नव्या शाखेत एकच दिवस. यासाठी वेगळी बैठक लागणार नाही.

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलं आहे. खूण दिसल्यावर माणसं 'अजून एक आठवडा बघू' म्हणतात आणि असेच दोन महिने जातात. काय करायचं ते डोकं थंड असताना ठरवून ठेवलं की त्या वेळी फक्त अंमल करायचा उरतो. 'पूर्ण कधी' या रकान्यातही 'प्रयत्न चालू' असं लिहिता येणार नाही अशी मोजता येणारी गोष्ट घाला.

पैशाच्या ओळीचं नाव हिशेबाच्या बाईंचं. त्यांची खूण होती, चौथ्या महिन्याचं उत्पन्न. अंदाजाप्रमाणे ते ५ भाग हवं, निम्म्या वेगाने ३.५ येतं. साडेतीन किंवा कमी आलं तर बाहेर पडण्याची बैठक. चार-साडेचार आलं तर दुसऱ्या यंत्राची खरेदी थांबवायची. खरेदी थांबवण्याचा अधिकार त्यांना लेखी दिला.

रंगीत तालीम

एक ओळ मी प्रत्येक नोंदवहीत आग्रहाने घालतो: 'पहिल्या दिवशी माणसांना साध्या गोष्टी सापडणार नाहीत.' २७ मार्च २००८ रोजी लंडनच्या हीथ्रो विमानतळाचं टर्मिनल पाच सुरू झालं. इमारत भव्य होती, सामानाची यंत्रणा अत्याधुनिक होती. सकाळी कामावर आलेल्या कर्मचाऱ्यांना गाडी लावायला जागा सापडेना, सुरक्षा तपासणीत ते अडकले, काहींना प्रणालीत लॉग-इनच करता येईना. सामान साचत गेलं, पुढच्या काही दिवसांत शेकडो विमानं रद्द झाली आणि हजारो बॅगा मागे राहिल्या. बांधकाम लांबल्यामुळे चाचण्यांचा काळ आटला होता. तारीख मात्र हलली नव्हती.

तुमची शाखा लहान असली तरी हेच घडतं. म्हणून उद्घाटनाआधी दोन पूर्ण दिवस रंगीत तालीम करा. ओळखीची माणसं ग्राहक म्हणून बोलवा आणि फोन करण्यापासून पावती घेण्यापर्यंत सगळं खरंखुरं होऊ द्या. तालमीचं नाव शाखाप्रमुखाचं, आणि तारीख पुढे ढकलण्याचा अधिकारही तिचाच. त्या केंद्राच्या तालमीत कळलं की जिना चढून यावं लागतं आणि लिफ्टची किल्ली संध्याकाळी सहानंतर पहारेकऱ्याकडे जाते. गुडघा दुखणारा पेशंट सात वाजता येतो. किल्लीची दुसरी प्रत करून घेतली.

नोंदवही चालू कशी ठेवायची

उद्घाटनापर्यंत दर आठवड्याला वीस मिनिटं, नंतरचे तीन महिने दर पंधरा दिवसांनी. बैठकीत प्रत्येक नावाने दोनच गोष्टी सांगायच्या: खूण कुठे आहे आणि उपाय कुठवर आला. कहाणी नको. दोन वेळा लागोपाठ 'काही बदल नाही' आलं की त्या माणसाला वेळ किंवा अधिकार कमी पडतोय असं धरा आणि त्याच्यावर न चिडता ओळ दुसऱ्याकडे द्यायची का ते विचारा. जबाबदार माणूस नोकरी सोडून जात असेल तर त्याच्या ओळी जाण्याआधी बैठकीत नव्या नावावर चढवा. नाहीतर त्या कोणाच्याच राहत नाहीत. धोका संपला की ओळ खोडा, तारीख घाला. नोंदवही आकसत गेली पाहिजे.

काही गोष्टी या पद्धतीच्या आवाक्याबाहेर आहेत. खोलीतल्या कोणाच्याच अनुभवात नसलेला धोका चिठ्ठीवर येत नाही. अग्निसुरक्षा, परवाने, करारातली कलमं यांसाठी त्या विषयाच्या जाणकाराला कागद दाखवावेच लागतात. आणि मालकाने सहीचा निर्णय मनात पक्का केला असेल, तर बैठक नुसती उरकली जाते. ते तुम्हाला शेवटच्या फेरीत कळेल: मालकाची चिठ्ठी कोरी असते किंवा तिच्यावर 'जाहिरात कमी पडली' एवढंच असतं.

त्या केंद्राची शाखा ठरलेल्या तारखेनंतर नऊ दिवसांनी उघडली. पाचव्या आठवड्यात जुन्या शाखेच्या अपॉइंटमेंट सरासरीच्या ८३ टक्क्यांवर आल्या, सहाव्यात ८१ वर. थेरपिस्टने शुक्रवारी संध्याकाळी मॅडमना दोन ओळींचा निरोप पाठवला आणि सोमवारी मॅडम जुन्या शाखेत होत्या. पुढच्या दीड महिन्यात आकडा ९५ च्या पुढे गेला. नव्या शाखेचं चौथ्या महिन्याचं उत्पन्न ४ भाग आलं. दुसऱ्या यंत्राची ऑर्डर तयार होती, विक्रेत्याची सवलत महिनाअखेर संपत होती आणि मॅडमना ते यंत्र हवं होतं. हिशेबाच्या बाईंनी वही उघडून स्वतःच्या नावाची ओळ दाखवली आणि ऑर्डर थांबवली.